हिऱ्यावरचा क्रमांक आणि प्रमाणपत्र

लातूरच्या सराफाने हिऱ्याच्या अंगठीसोबत जीआयए या अमेरिकी रत्नपरीक्षण संस्थेचे प्रमाणपत्र दाखवले; हिऱ्यावरचा क्रमांक जुळला की निर्धास्त व्हावे का?

नाही. दहापट भिंगाखाली हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक वाचून तो हातातल्या कागदाशी नव्हे, तर जीआयएच्या संकेतस्थळावरील अहवालाशी ताडावा. कोंदणाच्या पकडीखाली हा क्रमांक कधी झाकलाही जातो. पण क्रमांक जुळला तरी पुरेसे नाही: अस्सल नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर कोरल्याची प्रकरणे खुद्द जीआयएने नोंदवली आहेत. म्हणून अहवालात व्यास ६.४५ मिमी असताना मोजमाप ६.३० भरले, किंवा आराखड्यात दाखवलेला ठळक दोष खड्यात दिसलाच नाही, तर व्यवहार थांबवावा. बसवलेल्या हिऱ्याचे नेमके वजन करता येत नाही, त्यामुळे मोठ्या रकमेच्या खरेदीत खडा काढून प्रयोगशाळेतच तपासून घेण्याचा आग्रह धरावा.