बाकी खालून वर का वाचायची, आणि हेक्ससाठी पुन्हा भागायचं का?

प्रश्न: कॉम्प्युटरच्या बेसिक क्लासमध्ये 458 चं बायनरी मी 010100111 असं काढलं, सरांनी चूक दिली. बाकी खालून वर का वाचायची? आणि हेक्साडेसिमलसाठी पुन्हा सोळाने भागावंच लागतं का?

उत्तर:

तुमचे सगळे भागाकार बरोबर आहेत, फक्त बाकी वरून खाली वाचल्या गेल्यात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. बायनरीचा तक्ता मांडला असेल तर हेक्स त्याच तक्त्यात तयार बसलेलं असतं.

'खालून वर वाचा' हा नियम बहुतेक वर्गात नुसता फळ्यावर लिहून देतात, म्हणून तो परीक्षेत विसरला जातो. त्याचं कारण बघायला दोनाने भागायचं जरा बाजूला ठेवा आणि 458 ला दहाने भागा. भागाकार 45, बाकी 8. 45 ला दहाने भागा: भागाकार 4, बाकी 5. 4 ला भागा: भागाकार 0, बाकी 4. बाकी निघाल्या 8, 5, 4 या क्रमाने. म्हणजे पहिली बाकी हा एककाचा अंक, दुसरी दशकाचा, तिसरी शतकाचा. आपण संख्या लिहिताना शतक आधी लिहितो, त्यामुळे शेवटची बाकी डावीकडे जाते. दोनाने भागताना हेच घडतं. पहिली बाकी एककाच्या जागेवरची, दुसरी दोनाच्या जागेवरची, मग चाराच्या, आठाच्या, असं वर वर जात राहतं.

आता तुमचाच तक्ता:

```
458 / 2 = 229   0
229 / 2 = 114   1
114 / 2 =  57   0
 57 / 2 =  28   1
 28 / 2 =  14   0
 14 / 2 =   7   0
  7 / 2 =   3   1
  3 / 2 =   1   1
  1 / 2 =   0   1
```

उजवीकडचा रकाना बाकीचा. खालून वर वाचला की 111001010. शेवटची ओळ पुष्कळ जण लिहीतच नाहीत. भागाकार 1 आला की 'संपलं' म्हणून थांबतात आणि डावीकडचा एक गळून पडतो. भागाकार 0 येईपर्यंत थांबायचं नाही.

तुमचं उत्तर चुकलंय हे सर न सांगताही कळलं असतं. 458 सम आहे. सम संख्येच्या बायनरीत शेवटचा अंक 0 च असतो, कारण एकक सोडला तर बाकी सगळ्या जागा दोनाच्या पटीतल्या आहेत. तुमच्या उत्तराच्या शेवटी 1 आहे, म्हणजे ती संख्या विषम झाली (ती खरं तर 167 आहे). शिवाय या पद्धतीने काढलेलं उत्तर कधीच 0 ने सुरू होत नाही, कारण शेवटच्या ओळीत नेहमी 1 भागिले 2 असतं आणि तिथली बाकी 1 च येते. पेपर देण्याआधी ही दोन टोकं तपासायला पाच सेकंद पुरतात. पूर्ण पडताळणी हवी असेल तर जिथे 1 आहे त्या जागांच्या किमती मिळवा: 256 + 128 + 64 + 8 + 2 = 458.

आता हेक्स. सोळाने भागायची सरळ रीत अशी:

```
458 / 16 = 28   10
 28 / 16 =  1   12
  1 / 16 =  0    1
```

खालून वर 1, 12, 10. हेक्समध्ये प्रत्येक जागेला एकच चिन्ह लागतं, म्हणून दहासाठी A, अकरासाठी B, असं पंधरासाठी F पर्यंत. उत्तर 1CA. इथे अक्षरं न वापरता 11210 लिहिलेल्या वह्या मी ढिगाने तपासल्यात. हेक्स म्हणून वाचलं तर ते 70160 होतं.

पण हे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा. दोनाच्या तक्त्यात चार ओळी उतरल्यावर भागाकार किती आला? 28. सोळाच्या तक्त्यात पहिल्या ओळीला किती? तोही 28. चार वेळा दोनाने भागणं म्हणजे एकदा सोळाने भागणं, कारण 2 × 2 × 2 × 2 = 16. त्या चार ओळींच्या बाकी खालून वर वाचा: 1010, म्हणजे 8 + 2, म्हणजे दहा, म्हणजे A. पुढच्या चार ओळी उतरा, भागाकार 1 येतो, सोळाच्या तक्त्यात दुसऱ्या ओळीला येतो तसाच. त्यांच्या बाकी खालून वर 1100, म्हणजे 8 + 4, बारा, C. उरलेल्या ओळीचा 1 तसाच. झालं 1CA, सोळाने एकदाही न भागता.

बायनरीचे चार-चारचे गट पाडून हेक्स लिहायची जी युक्ती सांगतात ती एवढीच आहे. गट उजवीकडूनच का पाडायचे हेही यातून कळतं: तक्ता वरून सुरू होतो आणि वरची टोकाची बाकी उत्तरात उजवीकडे असते. 1 1100 1010 असे गट पडले पाहिजेत. डावीकडून पाडले तर 1110 0101 0 होऊन E50 असं उत्तर येईल. डावीकडचा शेवटचा गट अपुरा राहिला तर त्याच्या आधी शून्यं जोडा, 0001. उजवीकडे शून्य जोडलंत तर किंमत दुप्पट होते.

तरी प्रश्नात फक्त हेक्स विचारलं असेल तर सोळानेच भागा. नऊ ओळींऐवजी तीन ओळी, चुकायला जागा कमी. दोन्ही विचारलं असेल तर बायनरी काढून गट पाडा आणि सोळाचा भागाकार पडताळणीपुरता कोपऱ्यात करा. (1 × 256) + (12 × 16) + 10 करूनही 458 परत येतात का ते बघता येतं.

साध्या कॅल्क्युलेटरवर सोळाने भागणार असाल तर जपून. 458 भागिले 16 केल्यावर पडद्यावर 28.625 दिसतं, आणि कुणी 6 तर कुणी 625 बाकी म्हणून लिहितं. तो अपूर्णांक आहे. बाकी हवी तर 0.625 ला पुन्हा 16 ने गुणा, 10 मिळतील.

घरी उत्तरं पडताळायला विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामर मोड आहे. `DEC` निवडून 458 टाका, `HEX` आणि `BIN` समोर उत्तरं दिसतात. एक्सेलमध्ये `=DEC2BIN(458)` आणि `=DEC2HEX(458)` चालतं, फक्त `DEC2BIN` 511 च्या पुढे जात नाही. 512 टाकलेत की `#NUM!` दिसेल. तेव्हा मोठ्या संख्येसाठी आधी `DEC2HEX` ने हेक्स काढा आणि त्याच्या प्रत्येक चिन्हाचे चार बायनरी अंक हाताने लिहा, म्हणजे वरचीच युक्ती उलट्या बाजूने.