नियम तोंडपाठ, तरी चूक सापडत नाही

प्रश्न : मुलगा बी.कॉम. झाला, मराठी माध्यमाचा. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेची तयारी करतो. बाकी विषय ठीक, पण सरावात इंग्रजीचे 25 पैकी 11-12च बरोबर येतात. व्याकरणाचे दीडशे नियम मी स्वतः पाठ करून घेतले. रोज रात्री जेवण झालं की विचारतो, घडाघडा म्हणतो. पण वाक्यातली चूक ओळखता येत नाही. ‘कानाला खटकेल तिथे खूण कर’ असंही सांगून पाहिलं. हल्ली तर सोडवलेला पेपर दाखवतच नाही. क्लास बदलू का? की इंग्रजी त्याच्या आवाक्याबाहेरचंच आहे?
– एक वडील

उत्तर : क्लास बदलू नका. बंद करायची आहे ती जेवणानंतरची तोंडी परीक्षा.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट गुण नाहीत. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा सोडवलेला पेपर बापापासून लपवतो, ही ती गोष्ट आहे. त्यात अभ्यासाचंही नुकसान आहे. चुकलेले तेरा-चौदा प्रश्न हेच त्याचं खरं पाठ्यपुस्तक, आणि लपवलेला पेपर तो स्वतःही पुन्हा उघडत नसणार. शिवाय तुमच्या परीक्षेत एक गोष्ट तुम्ही नकळत त्याला फुकट देता. ‘वन ऑफचा नियम सांग’ म्हटलं की कुठला नियम लावायचा हे तुम्हीच सांगून टाकलेलं असतं. परीक्षेत वाक्याचे तुकडे समोर येतात, चूक असलेल्या तुकड्यावर खूण करायची असते आणि कुठला नियम तपासायचा हे कुणी सांगत नाही. त्याला जे जमत नाही त्याचा सराव तुमच्या प्रश्नोत्तरांत होतच नाही.

पाठ केलेला नियम उलट अंगावर कसा येतो, ते याच ‘वन ऑफ’वर बघा. ‘वन ऑफ’ आलं की क्रियापद एकवचनी, हा तो नियम. ‘वन ऑफ द बॉइज हॅज कम’ इथपर्यंत ठीक. पण परीक्षेत असं वाक्य येतं : ‘ही इज वन ऑफ दोज ऑफिसर्स / हू हॅव नेव्हर / टेकन अ ब्राइब / नो एरर’. पाठांतरवाला मुलगा ‘वन ऑफ’ दिसताच ‘हॅव’वर खूण करतो आणि दोन गुण मिळायच्या जागी अर्धा गुण घालवतो. इथे ‘हू’ जोडलेलं आहे ‘ऑफिसर्स’ला. लाच न घेणारे अधिकारी अनेक, त्यांतला हा एक. म्हणून ‘हॅव’च बरोबर. ‘द ओन्ली वन ऑफ’ असतं, तर मात्र ‘हॅज’ लागलं असतं.

आता तुमचा कानाचा सल्ला. तो ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांच्या उपयोगाचा आहे. आपला कान मराठीवर घडलेला असतो. आपण ‘प्रश्नाविषयी चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ आपल्याला अगदी गोड लागतं. प्रत्यक्षात ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागतच नाही. उलट ‘आय सजेस्ट दॅट ही गो’ किंवा ‘इट इज टाइम वी लेफ्ट’ कानाला बोचतं आणि दोन्ही बरोबर असतात. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. विचित्र वाटणारा बरोबर तुकडा आणि सवयीचा वाटणारा चुकीचा तुकडा तो एकाच वाक्यात ठेवतो. त्यामुळे कानावर विसंबणारा मुलगा चूक सोडून देतो आणि नसलेली चूक धरतो.

कानाऐवजी हात लावायचा तो क्रियापदाला. हे वाक्य घ्या : ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज / सेंट फ्रॉम रत्नागिरी / टू द मुंबई मार्केट / वेअर नॉट गुड’. आधी मुख्य क्रियापद शोधायचं. इथे ‘सेंट’ आणि ‘वेअर’ असे दोन उमेदवार दिसतात. वाक्य मनातल्या मनात आजच्या काळात म्हणून बघायचं : ‘वेअर’चं ‘आर’ होतं, ‘सेंट’ आहे तसंच राहतं. बदललं ते मुख्य क्रियापद. मग त्यालाच विचारायचं, चांगलं काय नव्हतं? आंबे नव्हे, ‘क्वालिटी’. ती एकवचनी, म्हणून ‘वॉज’. चूक चौथ्या तुकड्यात.

मराठी मुलं नेमकी इथेच फसतात, याचं कारण मला आपल्या भाषेत दिसतं. ‘रमेशने पोळी खाल्ली, रमेशने आंबे खाल्ले.’ खाणारा एकच, पण क्रियापद वळलं पोळीकडे आणि आंब्यांकडे, म्हणजे शेजारच्या नामाकडे. इंग्रजी क्रियापद शेजाऱ्याकडे बघत नाही, कर्त्याकडे बघतं, मग तो दहा शब्द मागे असो. ‘द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स, वॉज प्रेझेंट’ हे यातलंच. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाकला की उरतो एकटा मॅनेजर. ‘अँड’ माणसं वाढवतो. ‘अलाँग विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ वाढवत नाहीत. अपवाद ‘नायदर-नॉर’चा. तिथे क्रियापद खरंच शेजाऱ्याचं ऐकतं : ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट’.

वाक्य सुधारण्याच्या प्रश्नात सापळा वेगळा असतो. ‘ही इज वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ यातला ‘इज वर्किंग हिअर सिन्स’ अधोरेखित असतो. पर्याय : ‘हॅज बीन वर्किंग हिअर सिन्स’, ‘इज वर्किंग हिअर फॉर’, ‘हॅज बीन वर्किंग हिअर फॉर’ आणि ‘बदल नको’. आपण म्हणतो ‘तो पाच वर्षांपासून इथे काम करतो आहे’. त्यातलं ‘करतो आहे’ जसंच्या तसं नेलं की ‘इज वर्किंग’ होतं आणि ‘पासून’ नेलं की ‘सिन्स’. एका वाक्यात दोन मराठी चुका. पहिल्या दोन पर्यायांत एकेकच चूक दुरुस्त झालेली आहे. एक सापडली की मुलगा खुशीत खूण करतो आणि पुढचं वाचत नाही. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, जसं 2019 किंवा सोमवार. मोजलेल्या मुदतीला ‘फॉर’. म्हणून तिसरा. सवय अशी लावायची की अख्खे पर्याय वाचण्याऐवजी ते एकमेकांपासून कुठे वेगळे आहेत तेवढंच बघायचं. इथे फरक दोनच जागी आहेत, तेव्हा निर्णयही दोन घ्यायचे.

बँकेच्या परीक्षांनाही हेच चालतं, वेगळं पुस्तक नको.

आता वही. ती त्याची असेल, तुमची नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे त्याने तीनपैकी एक अक्षर लिहायचं. नियमच माहीत नव्हता तर ‘न’, माहीत होता पण वाक्यात दिसला नाही तर ‘द’, अर्धी चूक सुधारून थांबला तर ‘अ’. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज आहे की ‘द’ आणि ‘अ’च जास्त निघतील. तसं झालं तर नवे नियम महिनाभर बंद. रोज वीस वाक्यं घ्यायची, उत्तर न देता फक्त मुख्य क्रियापद आणि त्याचा कर्ता यांखाली पेन्सिलीने रेघ मारायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. ‘न’ जास्त निघाले तरच क्लासचा विचार करा, आणि तोही त्याने करू द्या.

तुम्हाला राहवत नसेल तर आठवड्यातून एकदा विचारा, ‘द’ किती झाले? वही मागू नका.