लेक्चरमध्ये फोन गप्प राहिला पाहिजे आणि घरचा कॉल लागलाही पाहिजे

प्रश्न: मी सीआर आहे. लेक्चरच्या वेळेत फोन आपोआप सायलंट होईल पण घरच्यांचे कॉल येतील, हे सेटिंग वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांना कसं समजावू?

आधी एक सांगतो, "फोन सायलंट करा" एवढंच लिहून मोकळे होऊ नका. आमच्या सीआरने तेच केलं होतं आणि त्याच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही वास्कोचे, माझा दादा जहाजावर असतो. बोट बंदराला लागली की मिळेल त्या फोनवरून तो घरी कॉल करतो, त्यामुळे नंबर दर वेळी वेगळा. आईचं ऑपरेशन झालं त्या दिवशी सकाळी त्याने मला दोनदा कॉल केला, आई शुद्धीवर आली का एवढंच त्याला विचारायचं होतं. आणि माझा फोन सरांच्या टेबलावरच्या खोक्यात, सगळ्यांच्या फोनबरोबर, स्विच ऑफ. बोट सुटली, आणि पुढच्या बंदरापर्यंत त्याला काहीच कळलं नाही. मी सरांकडे बोललो तर सीआर मध्येच म्हणतो, एकाला सूट दिली की सगळे मागणार. अरे पण सूट कुणी मागितली, फोनमध्येच सोय आहे ना!

तर अँड्रॉइडवर Settings मध्ये Do Not Disturb उघडा, काही नव्या फोनांत ते Modes च्या आत असतं आणि वेळेसाठी तिथेच वेगळा मोड बनवावा लागतो. त्यात Schedules मध्ये नवीन वेळ टाका, समजा सोमवार ते शुक्रवार 9 ते 12:30. मग People मध्ये Calls ला Starred contacts निवडा. Contacts निवडू नका, नाहीतर केटरर आणि गॅसवाल्यापासून फोनमध्ये सेव्ह असलेला प्रत्येक जण वाजणार. Messages ला None ठेवा, मेसेज ब्रेकमध्ये वाचता येतात. आई, बाबा, शेजारच्या काकी ज्या अडीअडचणीला खरंच फोन करतील, एवढ्यांनाच कॉन्टॅक्टमध्ये जाऊन स्टार द्या. बाबांचे दोन नंबर दोन वेगळ्या नावांनी सेव्ह असतील तर एकाला दिलेला स्टार दुसऱ्याला लागत नाही, दोन्ही एकाच नावाखाली आणा.

आता दादासारख्यांचं काय, ज्यांचा नंबरच सेव्ह नाही? त्यासाठी तिथेच Repeat callers आहे, ते चालू करा. त्याच नंबरवरून 15 मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल आला की तो आत सोडला जातो, स्टार असो नसो. आयफोनवर Focus मध्ये हीच सोय आहे पण तिथे मुदत 3 मिनिटांची. म्हणून घरी सांगून ठेवायचं की तातडीचं असेल तर कट झाल्यावर लगेच त्याच नंबरवरून परत लावा. हे सांगितलं नाही तर माणूस पहिल्या कॉलनंतर गप्प बसतो, कारण त्याला पलीकडे नेहमीसारखी रिंगच ऐकू येते, फोन लेक्चरमुळे अडवलाय हे त्याला कळत नाही. दुसरा कॉल वेगळ्या नंबरवरून आला तर मात्र उपयोग नाही.

जिथे सगळे फसतात ते आता ऐका. स्टारवाला कॉल आत सोडला जातो म्हणजे तो मोठ्याने वाजतोच असं नाही, बाजूच्या बटणाने रिंगर सायलंट केला असेल तर तोही मुक्याने येतो आणि मुक्यानेच जातो. आणि रिंगर पूर्ण चालू असेल तर वर्गात रिंगटोन घुमणार. म्हणून रिंगर व्हायब्रेटवर ठेवा, फोन बाकावर न ठेवता खिशात ठेवा, म्हणजे फक्त घरचा कॉल थरथरतो आणि बाकीचे काहीच करत नाहीत. एकदा करून बघा: वेळ आत्ताच सुरू होईल अशी टाका, घरून कॉल करायला लावा, मग स्टार नसलेल्या मित्राकडून एकदा आणि लगेच परत एकदा. घरचा कॉल थरथरला, मित्राचा पहिल्यांदा दबला आणि दुसऱ्यांदा थरथरला तर सेटिंग बरोबर आहे.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलचं मात्र या टेस्टवरून ठरवू नका, तो वेगळा करून बघा, आणि सगळं व्हॉट्सअ‍ॅपच मोकळं सोडलंत तर ग्रुपचे मेसेजही येत राहणार. तातडीला साधा कॉल करा असं घरी सांगणं जास्त सोपं. लेक्चर बदललं तर वेळ हाताने बदलावी लागते, आणि परीक्षेला यातलं काही चालत नाही, तिथे फोन बंदच.

आणि तुमचे सर खोकंच ठेवत असतील तर ग्रुपवर लिहिण्याआधी त्यांना जाऊन ही टेस्ट तुमच्या फोनवर दाखवा. सीआर म्हणून ते तुमचं काम आहे, ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्या पोराने एकट्याने जाऊन विनवणी करायची नाही.