लेव्हलिंग आणि बेअरिंगची गणितं: आकडा कुठल्या जागेवरचा, ते आधी बघा

प्रश्न: डिप्लोमा सिव्हिलला आहे. वर्गात सरांनी सोडवलेली आर.एल. आणि बेअरिंग करेक्शनची उदाहरणं समजतात, पण आकडे बदलले की माझं उत्तर चुकतं. तपासणी जुळते तरी उत्तर चूक येतं, हे कसं? सराव कसा करू?

उत्तर:

मी डिप्लोमाच्या मुलांना सर्व्हेइंग शिकवतो. वह्या तपासताना दिसतं ते असं, की बेरीज-वजाबाकी बहुतेकांची बरोबर असते. चूक त्याआधीच झालेली असते, आकडा कुठल्या रकान्यात बसवायचा हे ठरवताना. स्टाफवरचं प्रत्येक वाचन उपकरणाच्या एका ठरावीक मांडणीचं असतं आणि कंपासवरचं प्रत्येक बेअरिंग एका ठरावीक स्टेशनवरचं असतं. ते कुठलं, हे पक्कं झाल्याशिवाय सूत्राला हात लावू नका.

लेव्हलिंगचं एक उदाहरण घेऊ. सतत उतरत्या जमिनीवर ओळीनं ही वाचनं मिळाली: ०.८५०, १.३६५, २.१४०, ३.०२०, ०.९४५, १.७८०, २.६५५, १.१२०, २.२३५. पहिलं वाचन बेंचमार्कवरचं, त्याची आर.एल. १००.००० मीटर. चौथ्या आणि सातव्या वाचनानंतर लेव्हल हलवली.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि आधी या ओळीत दोन उभ्या रेघा मारा: एक ३.०२० नंतर, एक २.६५५ नंतर. आता तीन गट झाले. प्रत्येक गटातलं पहिलं वाचन बॅकसाइट, शेवटचं फोरसाइट, मधली सगळी इंटरमीजिएट. रेघेच्या दोन्ही बाजूंची वाचनं एकाच बिंदूवरची असतात, कारण लेव्हल हलली तरी स्टाफ चेंज पॉइंटवरच उभा असतो. म्हणून ३.०२० आणि ०.९४५ एकाच ओळीत येतात. वाचनं नऊ, लेव्हल दोनदा हलली, म्हणजे लेव्हल बुकात ओळी सात. ही वजाबाकी आधीच करून ठेवा, तिचा उपयोग पुढे आहे.

| बिंदू | बॅकसाइट | इंटरमीजिएट | फोरसाइट | एच.आय. | आर.एल. |
|---|---|---|---|---|---|
| बेंचमार्क | ०.८५० | | | १००.८५० | १००.००० |
| १ | | १.३६५ | | | ९९.४८५ |
| २ | | २.१४० | | | ९८.७१० |
| ३ (चेंज पॉइंट) | ०.९४५ | | ३.०२० | ९८.७७५ | ९७.८३० |
| ४ | | १.७८० | | | ९६.९९५ |
| ५ (चेंज पॉइंट) | १.१२० | | २.६५५ | ९७.२४० | ९६.१२० |
| ६ | | | २.२३५ | | ९५.००५ |

चेंज पॉइंटच्या ओळीत क्रम सांभाळा. जुन्या एच.आय.मधून फोरसाइट वजा करून आर.एल. काढायची: १००.८५० − ३.०२० = ९७.८३०. मग त्याच आर.एल.मध्ये नवी बॅकसाइट मिळवून नवी एच.आय.: ९७.८३० + ०.९४५ = ९८.७७५. जुनी एच.आय. इथं संपली, पुढच्या कुठल्याही बिंदूला ती लागत नाही.

तपासणी: बॅकसाइटची बेरीज २.९१५, फोरसाइटची ७.९१०, फरक −४.९९५. शेवटची आर.एल. वजा पहिली, तीही −४.९९५. जुळलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो, तपासणी जुळूनही उत्तर का चुकतं. समजा पहिली रेघ मारायची राहिली आणि ३.०२०, ०.९४५, १.७८० ही तिन्ही इंटरमीजिएट म्हणून लिहिली. मग ०.९४५ ची आर.एल. १००.८५० मधून ९९.९०५ येते, २.६५५ ची ९८.१९५, नवी एच.आय. ९९.३१५ आणि शेवटची आर.एल. ९७.०८०. बॅकसाइटची बेरीज १.९७०, फोरसाइटची ४.८९०, फरक −२.९२०. शेवटची वजा पहिली आर.एल. सुद्धा −२.९२०! तपासणी तंतोतंत जुळली आणि शेवटचा बिंदू दोन मीटरहून जास्त चुकला. ही तपासणी फक्त तुमची बेरीज-वजाबाकी बघते. आकडा योग्य रकान्यात बसला की नाही, हे तिला कळायला मार्ग नाही.

मग ही चूक ओळखायची कशी? एक तर ओळी आठ होतात, आणि आपण आधीच सात काढून ठेवल्या होत्या. दुसरं, ९७.८३० नंतर ९९.९०५ आलं म्हणजे जमीन एकदम दोन मीटर चढली, आणि उदाहरणात तर ती सतत उतरती आहे. उतरत्या जमिनीवर एकाच मांडणीतली वाचनं वाढत जातात. मोठ्या वाचनानंतर अचानक छोटं आलं, की तिथं लेव्हल हलली आहे. काही उदाहरणांत लेव्हल कधी हलवली ते सांगतच नाहीत, ते यावरूनच ओळखायचं असतं.

एच.आय. पद्धतीत आणखी एक पळवाट राहते. बिंदू १ ची आर.एल. ९९.४८५ ऐवजी ९९.५८५ लिहिली गेली, तरी वरची तपासणी जुळेलच, कारण इंटरमीजिएट वाचनं तिच्यात येतच नाहीत. त्यासाठी दुसरी तपासणी आहे. प्रत्येक एच.आय.ला तिच्यावरून जितक्या आर.एल. काढल्या त्या संख्येनं गुणा, बेरीज करा, आणि त्यातून सगळ्या इंटरमीजिएट व फोरसाइट वाचनांची बेरीज वजा करा. इथं १००.८५० × ३ + ९८.७७५ × २ + ९७.२४० × १ = ५९७.३४०. त्यातून ५.२८५ + ७.९१० = १३.१९५ वजा केले की ५८४.१४५. पहिली सोडून बाकी सहा आर.एल.ची बेरीजही ५८४.१४५ यायला हवी. करून बघा, येते. परीक्षेत एवढा वेळ नसतो हे खरं, पण घरी सराव करताना ही तपासणी सोडू नका. राइज अँड फॉल पद्धतीत इंटरमीजिएट वाचनं आपोआप तपासली जातात. हेच उदाहरण तिनं सोडवलं तर सहा फॉल येतील: ०.५१५, ०.७७५, ०.८८०, ०.८३५, ०.८७५, १.११५. बेरीज पुन्हा ४.९९५.

स्टाफ उलटा धरलेला असेल, म्हणजे स्लॅबच्या किंवा बीमच्या खालच्या बाजूला, तर ते वाचन रकान्यात उणे चिन्हासकटच लिहा. एच.आय.मधून उणे वाचन वजा केलं की ते आपसूक मिळवलं जातं, वेगळं सूत्र लक्षात ठेवावं लागत नाही.

बेअरिंगच्या गणितात नेमकी हीच गफलत होते. अबकड हा बंद ट्रॅव्हर्स घ्या:

| रेषा | फोर बेअरिंग | बॅक बेअरिंग | फरक |
|---|---|---|---|
| अब | ७५°३०′ | २५६°४५′ | १८१°१५′ |
| बक | १६१°३०′ | ३३९°३०′ | १७८°००′ |
| कड | २५५°००′ | ७५°४५′ | १७९°१५′ |
| डअ | ३४५°००′ | १६५°००′ | १८०°००′ |

तक्ता रेषांप्रमाणे मांडलेला असतो, म्हणून विद्यार्थी दुरुस्तीही रेषेला करतात. बक चा फरक दोन अंशांनी कमी आहे, मग क वरच्या बेअरिंगमध्ये दोन अंश मिळवून मोकळे होतात. पण लोकल ॲट्रॅक्शन स्टेशनला असतं. लोखंड किंवा विजेची तार एका स्टेशनजवळ असते, आणि तिथून घेतलेली दोन्ही बेअरिंग सारख्याच अंशांनी बिघडतात. म्हणून तक्ता हातात आला की प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून वाचला ते अक्षर लिहा. अब चं फोर बेअरिंग अ वरचं, बॅक बेअरिंग ब वरचं. बक चं फोर बेअरिंगही ब वरचंच. ब च्या नावाखाली दोन आकडे जमले: २५६°४५′ आणि १६१°३०′. दोघांना दुरुस्ती एकच.

डअ चा फरक बरोबर १८०° आहे, म्हणून ड आणि अ निर्दोष धरायचे. मग अ वरचं ७५°३०′ बरोबर, त्याचं बॅक बेअरिंग २५५°३०′ असायला हवं. ब वर २५६°४५′ वाचलं, तेव्हा ब ची दुरुस्ती −१°१५′. ती लावून बक चं फोर बेअरिंग १६०°१५′ आणि बॅक बेअरिंग ३४०°१५′ हवं. क वर ३३९°३०′ वाचलं होतं, म्हणून क ची दुरुस्ती +०°४५′. ती लावून कड २५५°४५′, आणि त्याचं बॅक बेअरिंग ७५°४५′. ड वर वाचलेलं तेच आहे, गणित बंद झालं. बक मधला दोन अंशांचा फरक कुठून आला तेही आता दिसतं: सव्वा अंश ब चा, पाऊण अंश क चा.

पडताळा आतल्या कोनांनी घ्या. स्टेशनवरची दोन्ही बेअरिंग सारखीच बिघडत असल्यानं त्यांच्यातला कोन बिघडत नाही. ब चा कोन दुरुस्तीआधी २५६°४५′ − १६१°३०′ = ९५°१५′, दुरुस्तीनंतर २५५°३०′ − १६०°१५′ = ९५°१५′. एखाद्या स्टेशनचा कोन दुरुस्तीनंतर बदलला, तर तिथं दोन आकड्यांना वेगवेगळी दुरुस्ती लागली आहे. चारही कोनांची बेरीज ३६०° यायला हवी: ८९°३०′, ९५°१५′, ८४°३०′, ९०°४५′. ड चा कोन काढताना ३४५°००′ − ७५°४५′ = २६९°१५′ येतं, तो बाहेरचा कोन, म्हणून ३६०° मधून वजा करायचा.

मिनिटांबद्दल एकच सांगतो. कॅल्क्युलेटरवर ७५°३०′ साठी ७५.३० टाइप करू नका, ते ७५°१८′ होतं. अंश-मिनिटांचं बटण वापरा.

फरक १८०° आला म्हणजे ती दोन स्टेशनं नक्की शुद्ध, असंही नाही. दोन्हीकडे सारखंच लोकल ॲट्रॅक्शन असेल तरी फरक १८०° च येतो. बेअरिंगच्या तक्त्यावरून ते ओळखता येत नाही, आपण फक्त गृहीत धरतो.

सरावासाठी वर्गातलं उदाहरण घेऊन एका स्टेशनवरचे दोन्ही आकडे सारखेच बदला आणि पुन्हा सोडवा. याच तक्त्यात अ वरची दोन्ही बेअरिंग अर्ध्या अंशानं वाढवा: अब चं फोर बेअरिंग ७६°००′, डअ चं बॅक बेअरिंग १६५°३०′. आता कुठल्याच रेषेचा फरक १८०° येत नाही. अशा वेळी सगळ्यात कमी चूक असलेली रेषा निवडायची, इथं डअ, आणि तिची ३०′ ची चूक दोन्ही टोकांना निम्मी वाटायची: ड ला +१५′, अ ला −१५′. तिथून तसंच पुढे गेलात की ब ची दुरुस्ती −१°००′ आणि क ची +१°००′ येते, आणि उत्तरं अब ७५°४५′, बक १६०°३०′, कड २५६°००′, डअ ३४५°१५′. पहिल्या उत्तरांपेक्षा चारही बेअरिंग १५′ नी जास्त आहेत, म्हणजे आकृती फक्त थोडी फिरली. आतले कोन जसेच्या तसे राहिले पाहिजेत, तेवढे काढून बघा.