मक्याची भाकर, चुना आणि पेलाग्रा

प्रश्न (येवला तालुक्यातून): "साहेब, औंदा मक्याला भाव नाही म्हणून चार-पाच पोती घरात खायला ठेवलीत. पुतण्या म्हणतो, नुसता मका खाल्ला तर पेलाग्रा नावाचा रोग होतो, अन् चुन्यात शिजवला तर होत नाही. हे खरं का? चुना कोणता, किती घालायचा? गाई-कोंबड्यांच्या मक्यालाही तसंच करावं लागतं का?"

उत्तर:

पुतण्याचं म्हणणं खरं आहे, फक्त त्यात एक अट राहून गेली. भाकरीबरोबर रोज डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध किंवा अंडी असतील तर काळजीचं कारण नाही. पेलाग्रा होतो तो महिनोन्‌महिने ताटात मकाच असला आणि बाकी जवळजवळ काही नसलं तर. म्हणून आधी रोगाचं मूळ सांगतो, मग चुन्याची कृती.

नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व, ब-३. अन्नातून शक्ती मोकळी करण्याच्या कामात शरीरातल्या प्रत्येक पेशीला ते लागतं. ते कमी पडलं की जिथे पेशी सतत झिजतात आणि नव्या होतात तिथे आधी दिसतं, म्हणजे कातडी, जीभ आणि आतडी. हातांची मागची बाजू, मनगटाच्या वरचा भाग, पावलांची वरची बाजू, गळ्याभोवतीची पट्टी, असे उन्हाला उघडे राहणारे भाग आधी लाल होतात, मग काळपट आणि खरखरीत होऊन पापुद्रे सुटतात. खूण अशी, की हे दोन्ही हातांवर किंवा दोन्ही पायांवर सारखंच उमटतं आणि बऱ्या कातडीपासून त्याची कड स्पष्ट वेगळी दिसते. नायटा असा जोडीने येत नाही. त्याबरोबर जीभ लालभडक होऊन चुरचुरते, जुलाब लागतात, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो आणि पुढे भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. उपचार झाला नाही तर जीव जातो. दिवसभर उन्हात राबणाऱ्याची कातडी आधी पेटते, त्यामुळे "ऊन लागलंय" म्हणून शेतकरी घरात हे दुर्लक्षित राहण्याची भीती जास्त.

आता मक्याकडे येऊ. मक्यात नायसिन नाही असं नाही. १०० ग्रॅम वाळलेल्या दाण्यात ते साधारण २ मिलिग्रॅम असतं. पण पक्व दाण्यात त्यातलं बहुतेक नायसिन कोंड्याकडच्या थरांत, तंतुमय पिष्टांशी रासायनिक बंधाने जखडलेलं असतं. आपल्या पोटातले पाचकरस तो बंध फारसा तोडू शकत नाहीत. कणगी धान्याने भरलेली आहे, पण तिचं तोंड लिंपून टाकलंय, अशी ही गत. नुसतं पाण्यात उकळून किंवा तव्यावर भाजून तो बंध पुरेसा सुटत नाही. तीव्र अल्कलीत, म्हणजे चुन्याच्या पाण्यात, शिजवला की सुटतो.

दुसरी अडचण प्रथिनाची. शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनातून १ मिलिग्रॅम नायसिन मिळतं. मक्याच्या मुख्य प्रथिनात, झीनमध्ये, ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतंच. म्हणजे तयार नायसिन जखडलेलं आणि बनवायला लागणारा मालही अपुरा. दुधात नायसिन कमी असूनही ते पेलाग्रा टाळतं, कारण त्यात ट्रिप्टोफॅन भरपूर असतं.

मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातले लोक तीन हजार वर्षांहून अधिक काळ मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, चोळून, ओला वाटत आले. मका हेच त्यांचं मुख्य अन्न, तरी पेलाग्रा तिथला मोठा रोग कधी झाला नाही. त्यांच्या ताटात मक्याबरोबर घेवड्याच्या जातीची कडधान्यंही असत, हेही विसरू नये. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, चुना मागे राहिला. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत हा रोग नोंदवला. गळ्याभोवतीच्या त्या पट्टीला डॉक्टर आजही कासालचा हार म्हणतात. पुढे उत्तर इटलीत मक्याच्या पिठाच्या घाट्यावर जगणारी शेतमजुरांची घरं या रोगाने पोखरली.

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशीच साथ पसरली, तेव्हा पुष्कळ डॉक्टर त्याला संसर्गजन्य समजत होते. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर, शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झालेल्या ११ धडधाकट कैद्यांना मुख्यतः मका, तांदूळ, साखर, डुकराची चरबी अशा आहारावर काही महिने ठेवलं. सहा जणांना पेलाग्रा झाला. रोग जंतूचा नाही, ताटातला आहे, हे त्यातून पुढे आलं. कमतरता नेमकी नायसिनची आहे हे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांच्या अशाच रोगावर दाखवलं.

आता कृती. एक किलो स्वच्छ वाळलेला मका, तीन लिटर पाणी आणि १० ग्रॅम खाण्याच्या चुन्याची कोरडी पूड घ्या. पानाला लावतात तो साधा पांढरा ओला चुना चालतो, पण त्यात पाण्याचं वजन असतं, म्हणून तो २० ग्रॅमच्या आसपास लागेल. सुगंध किंवा कात मिसळलेला नको. रंगकामाचा चुना घेऊ नका, त्यात काय भेसळ आहे ते कळत नाही. कळीचा चुना तर घरात हाताळूच नका, पाणी लागताच तो उसळतो आणि डोळा जाऊ शकतो. चुना आधी थोड्या पाण्यात कालवून मग पातेल्यात ओता. वरची नितळ निवळी तेवढी घेतली तर काम अर्धवट राहतं, कारण एक लिटर पाण्यात चुना जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो. खाली बसलेला गाळच शिजताना हळूहळू विरघळत कामी येतो. खाण्याचा सोडा त्याच्या जागी चालणार नाही, तो फार सौम्य पडतो. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमला चुना खातो आणि तो धातू अन्नात उतरतो.

मंद आचेवर, खदखदू न देता, ४०-५० मिनिटं शिजवा. दाणा गडद पिवळा होतो. एक दाणा काढून बोटांत चोळा, साल सहज सरकली पाहिजे. नखाने फोडला तर आत बारीकसा पांढरा, कोरडा ठिपका राहिलेला दिसावा. तोही गेला असेल तर मका जास्त शिजला आणि पीठ चिकट होईल. आच बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. ही रात्र गाळू नका, चुना दाण्यात खोलवर मुरतो तो या वेळात. सकाळी ते पिवळं पाणी टाकून द्या, दाणे तीन पाण्यांतून चोळून धुवा आणि ओलेच पाट्यावर किंवा ग्राइंडरवर वाटा. धुताना थोडं नायसिन वाहून जातं, म्हणून धुवून पांढरेशुभ्र करण्याच्या मागे लागू नका. पण भाकरीला साबणासारखी, कडसर चव लागली तर धुणं कमी पडलं किंवा चुना जास्त झाला असं समजा. मक्याच्या साध्या पिठाची भाकर थापताना चिरते, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. चुन्याने सालीतला डिंकासारखा भाग सुटतो आणि हे पीठ छान धरून राहतं, न चिरता थापता येतं.

आता एका माणसाचा हिशेब करू. शेतात मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला १८ मिलिग्रॅम नायसिन हवं, बाईला १४. दिवसाला ४०० ग्रॅम मका खाल्ला तर कागदावर ८ मिलिग्रॅम नायसिन येतं, पण जखडलेलं असल्याने अंगी लागतं ते अडीच-तीनच. ट्रिप्टोफॅनातून आणखी तीनेक. एकूण सहा. तोच मका चुन्यात शिजवला तर अंगी लागणारं सगळं मिळून दहाच्या घरात जातं. हे आकडे अंदाजाचे आहेत, वाणानुसार आणि धुण्यानुसार बदलतात, पण दिशा पक्की आहे. चुन्याने मोठा फरक पडतो, तरीही गरज पूर्ण होत नाही. त्यात ५० ग्रॅम शेंगदाणे घातले की थेट नायसिन सहा आणि ट्रिप्टोफॅनातून दोन, असे आठ मिळतात आणि अठराचा हिशेब बसतो. म्हणून माझा सल्ला असा, की चुना जमला नाही तरी चालेल, शेंगदाणे आणि डाळ सोडू नका. जमलंच तर आठवड्यातले काही दिवस मक्याऐवजी बाजरीची भाकर करा.

दोन गोष्टी मात्र चुन्याने सुधारत नाहीत. पावसात भिजून बुरशी धरलेला मका चुन्यात शिजवूनही सुरक्षित मानू नका, त्यातलं विष पुरतं जाईलच असं नाही. असा मका माणसालाही नको आणि जनावरालाही नको. आणि लाल-गुलाबी औषध लावलेलं उरलेलं बियाणं कितीही धुतलं तरी खाऊ नका.

घरात कुणी क्षयाची आयसोनियाझिड गोळी घेत असेल किंवा रोज दारू पीत असेल, तर त्याला हा रोग बऱ्या आहारातही गाठू शकतो. वर सांगितलेल्या खुणा दिसल्या तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि काय खाणं चाललंय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांना आपणहून सांगा. क्षयाची गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर देतात त्या निकोटिनामाइडच्या, म्हणजे नायसिनच्याच एका रूपाच्या, गोळ्यांनी जीभ आणि जुलाब काही दिवसांतच सुधारू लागतात, कातडीला जास्त वेळ लागतो. दुकानातून आपल्या मनाने नायसिन आणून खाऊ नका, मोठ्या मात्रेने अंग लाल होऊन भाजल्यासारखं होतं आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

गाई-म्हशींना चुन्याची गरज नाही. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव नायसिन स्वतः तयार करतात, मक्याचा भरडा नेहमीसारखा द्या. कोंबडीच्या पोटात ती सोय नाही, पण विकतच्या खाद्यात नायसिन आणि सोयाबीन पेंड आधीच मिसळलेली असते. परसातल्या मोकळ्या कोंबड्या किडे आणि हिरवा पाला टिपून गरज बऱ्यापैकी भागवतात. खुराड्यात कोंडून नुसत्या मक्यावर ठेवलेल्या पिल्लांना मात्र भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड मिसळून द्या. भुईमुगाची पेंड घेताना ती कुबट वासाची किंवा बुरशी धरलेली नाही, एवढं आधी पाहून घ्या.