मनोगताच्या पाच मिनिटांत काय बोलायचं?

"रविवारी माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं प्रकाशन आहे. मनोगत लिहिलंय, पण वाचायला घेतलं की ह्यांच्या नावापाशी गळा दाटून येतो. ते हे पुस्तक बघायला राहिले नाहीत. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं तर? आणि कथांबद्दल किती सांगू?"

या निवृत्त शिक्षिकेचा मसुदा मोजला तर 1,400 शब्द भरले. सावकाश बोललं तर मिनिटाला 110-120 शब्द होतात, म्हणजे हे बारा मिनिटांचं भाषण. प्रकाशकांनी दिली होती पाच. टाळ्या आणि थांबे धरले तर 500 शब्द पुरे. धास्तीचं अर्धं कारण त्या कागदातच होतं, कारण त्यात 27 नावं होती.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटी आभारप्रदर्शन वेगळं होतंच. सभागृह, ध्वनिव्यवस्था, पाहुणे ही सगळी नावं त्या यादीत गेली. मनोगतात पाचच ठेवली, ज्यांचे हात प्रत्यक्ष पुस्तकाला लागले त्यांची. 'मोलाचं सहकार्य' खोडून प्रत्येकापुढे एकेक काम लिहिलं. मुद्रितशोधकांनी एका पात्राचं आडनाव मध्येच बदललेलं पकडलं होतं, तेच सांगायचं.

पतीचं नाव अगदी शेवटी होतं. तिथे आवाज फुटला तर पुढे धरायला वाक्यच नाही, आणि तोवरचं सगळं भाषण त्या क्षणाची वाट बघण्यात जाणार. ते नाव तिसऱ्या क्रमांकावर आणलं. पहिला खर्डा त्यांनीच वाचला होता आणि सातव्या कथेचा शेवट त्यांना पटला नव्हता, असं बोलता बोलता निघालं. मग वाक्य झालं: "सातव्या कथेचा शेवट ह्यांना मान्य नव्हता. मी तो बदलला की नाही, ते तुम्हीच वाचून ठरवा." आभारही झाले, कथेची उत्सुकताही लागली, आणि श्रोते हसले की बोलणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. लगेच पुढे मुखपृष्ठाबद्दलचं कोरडं वाक्य ठेवलं.

मसुद्यातले तीन कथांचे सारांश काढले. त्याऐवजी एका कथेची सुरुवात, साधारण 120 शब्द, आणि नायिका दार उघडायच्या आत थांबायचं. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: लेखकानंतर पाहुणे आणि अध्यक्ष बोलतात, आणि कौतुकाच्या भरात तेच शेवट फोडतात. त्यांना आदल्या दिवशी फोन करून सातव्या कथेचा शेवट सांगू नका, अशी विनंती करायला लावली.

सगळं पाठ करायचं नाही, एक शब्द निसटला की पुढची साखळी तुटते. पहिली दोन वाक्यं तेवढी पाठ. बाकीचे मुद्दे आणि नावं जाड कार्डावर ठळक अक्षरांत, पातळ कागद हातात थरथरतो आणि माइकमध्ये वाजतो. सराव उभं राहून, मोठ्याने. रडू आलं तर ते वाक्य गाळायचं नाही. थांबायचं, श्वास हळू सोडायचा आणि पुढच्या वाक्यापासून सुरू करायचं. सरावात टाळलेलं रडू व्यासपीठावर गाठतंच.

शनिवारपर्यंतही तिथे आवाज लागला नाही, तर तेवढी दोन वाक्यं बहिणीने वाचायची, असं ठरवून कार्डाची एक प्रत तिच्याकडे दिली.