अरदास: भाईजी नसले तरी अडत नाही

प्रश्न: माझ्या शीख मित्राच्या दुकानाचं उद्घाटन आहे. तिथे सगळे उभे राहून 'अरदास' करतात म्हणे. ती काय असते, कोण म्हणतं, केव्हा म्हणतात? मी काय करायचं?

मी नांदेडची, शीख घरातली, शाळा मराठी. दुकानाचं उद्घाटन वाचलं आणि जुनी सल जागी झाली, म्हणून लिहितेय. अरदास म्हणजे आमची उभ्याने म्हणायची प्रार्थना.

माझ्या भावाने स्पेअर पार्टचं दुकान काढलं तेव्हाची गोष्ट. सकाळी नऊची वेळ ठरली होती. गुरुद्वाऱ्यातून येणारे भाईजी दुसरीकडे अडकले. दहा वाजले, कढाईतला कडाह प्रसाद निवत चालला, पाहुणे घड्याळ बघायला लागले. दादी म्हणाली, "कुडी करेगी." कुडी म्हणजे मी. चाचाजी उसळलेच. मुलीने म्हणायची? आणि इथे गुरू ग्रंथ साहिब नाहीत, तोंड कुठे करणार, निदान तख्ताच्या दिशेने तरी उभी राहा! तख्त म्हणजे आमचं सर्वोच्च धर्मपीठ.

दोन्ही मुद्दे चुकीचे. आमच्यात पुरोहित नाहीत. ग्रंथी म्हणजे गुरू ग्रंथ साहिब वाचणारे, ती सेवा आहे, मक्ता नाही. बाई असो वा पुरुष, अरदास कुणीही म्हणावी. दिशेचं म्हणाल तर गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी कमिटीने 1945 साली मंजूर केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे आमच्या आचारसंहितेत, स्पष्ट आहे: गुरू ग्रंथ साहिब समोर असतील तर त्यांच्याकडे तोंड, नसतील तर कोणतीही दिशा चालते. मी शटरकडे तोंड करून उभी राहिले, कारण जागाच तेवढी होती.

सुरुवात 'प्रथम भगौती सिमरि कै' अशी. हा भाग दहाव्या गुरूंच्या 'चंडी दी वार' या रचनेतला, त्यात नऊ गुरूंचं स्मरण येतं. दहाव्या गुरूंचं नाव पुढे जोडलं गेलं. या सुरुवातीला आणि शेवटच्या 'नानक नाम चढदी कला, तेरे भाणे सरबत दा भला' या ओळीला हात लावायचा नाही. मधला भाग मात्र नमुना आहे, तो काळाप्रमाणे वाढत आला. त्यात पंज प्यारे, चार साहिबजादे, चाळीस मुक्ते, धर्मासाठी करवतीने चिरले गेलेले, सगळे आठवायचे. मग पाच तख्तं. नाव घेत नाहीत, पण त्यांत आमचं नांदेड आलंच. प्रत्येक परिच्छेदाला म्हणणारा 'बोलो जी वाहेगुरू' म्हणतो आणि संगत 'वाहेगुरू' म्हणून साथ देते. फाळणीनंतर नानकाना साहिबसारख्या दुरावलेल्या गुरुद्वाऱ्यांच्या मोकळ्या दर्शनाची मागणीही त्यात आली.

माझी गाडी अडली ती देवाकडे मागायच्या दानांच्या यादीत. सिखी दान, केस दान, रहत दान... पुढे डोकं रिकामं. दादी मागून पुटपुटली, "बिबेक दान." मी ते घेतलं आणि गडबडीत 'विसाह दान' गाळून थेट 'भरोसा दान'वर गेले. चाचाजींच्या भुवया मला पाठीवर जाणवल्या.

त्यानंतर येते ती खरी रिकामी जागा. 'आप दे हजूर... दी अरदास है जी', इथे कारण सांगायचं. पहाटे जपजी या पाठाची, संध्याकाळी रहरास या पाठाची, इतर पाठाच्या आधी-नंतर त्या पाठाची, लग्नात लग्नाची. मी दुकानाचं सांगितलं, आपल्या अर्जात 'विषय' लिहितात तसं. शब्दही तोच: अर्जदास्त, फारसीतला, जुन्या मराठी कागदांत सापडतो.

चाचाजी आजही म्हणतात, ती अरदास अर्धवट झाली. त्यांना एकच सांगते. याच अरदासीत पुढे ओळ आहे: 'अक्खर वाधा घाटा भुल्ल चुक्क माफ करनी'. अक्षर कमी-जास्त होणार हे अरदास म्हणणाऱ्यांनी आधीच धरलंय. हां, आरंभ किंवा शेवट गाळला असता तर मीही ओशाळले असते.

तुम्ही काय करायचं? चपला बाहेर, डोक्यावर रुमाल, हात जोडून उभं राहायचं. 'वाहेगुरू' म्हणावंसं वाटलं तर म्हणा, सक्ती नाही. संपल्यावर जमिनीला माथा टेकतात, जयकारा होतो, मग प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा, आणि तूप फार म्हणून नाक मुरडायचं नाही.

एक राहिलंच. काही गुरुद्वाऱ्यांत प्रथेने ग्रंथीच म्हणतात, तिथे वाद घालू नका. आणि मर्यादेप्रमाणे एखाद्यासाठी खास अरदास असेल तर फक्त त्यानेच उभं राहिलं तरी चालतं, बाकीच्यांनी उभं राहायलाच हवं असं नाही. पण नव्या दुकानात बसायला असतं काय, उभेच राहा.